मागची तारीख, बर्फीखालचा लिफाफा आणि एक टिपणी

महसूल खात्यात नव्याने लागलेली पोरे भेटली की माझ्यापाशी तक्रार एकच असते. "सर, मोठ्या भानगडीला नाही म्हणता येतं. पण साहेब म्हणतात एवढी एक तारीख मागची टाक, लोक म्हणतात हे चहापाण्याचं घ्या, त्याला काय म्हणायचं?" प्रश्न बरोबर आहे. लाखाची लाच कोणी दुसऱ्या वर्षाच्या तलाठ्याला देत नाही. त्याच्याकडे येतात ती बारकी कामे, आणि माणूस अडकतो तोही बारक्या कामातच.

मी नागपूर जिल्ह्यात तलाठी होतो, मग मंडळ अधिकारी झालो आणि नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झालो. म्हणजे दबाव सोसलाही आणि, आता लपवून काय करायचे, पुढे ढकललाही. खालचे प्रकरण मी मंडळ अधिकारी असताना ढकललेल्या दबावाचे आहे. वारस फेरफाराचे, म्हणजे मयताच्या जागी वारसांची नावे सातबारावर लावण्याचे आहे, कारण त्यात नियम कुठे वाकतो ते नेमके बोट ठेवून दाखवता येते.

आधी बघा, तारीख कोणाच्या कामाची आहे

वारसाचा अर्ज आला की तलाठी, म्हणजे आताचा ग्राम महसूल अधिकारी, नोंद धरतो आणि सगळ्या हितसंबंधितांना नोटीस बजावतो. चावडीवरही प्रत लागते. हरकतीसाठी पंधरा दिवस असतात. हरकत नाही आली तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. आली तर प्रकरण गाव नमुना ६-अ मध्ये, म्हणजे विवादग्रस्त नोंदवहीत जाते आणि सुनावणी होते. हे सगळे आता ई-फेरफारात चालते. पण प्रणालीला नोटीस कधी बजावली ते आपोआप कळत नाही, ती तारीख माणूस भरतो. घाई, ओळख आणि पैसा, सगळ्यांचा डोळा त्या एका रकान्यावर असतो.

म्हणून कोणी काही वाकवायला सांगितले की पहिला प्रश्न स्वतःला हा विचारा: यातला नियम कोणासाठी ठेवला आहे? अर्जाची झेरॉक्स दोन प्रतींत हवी, हा नियम कार्यालयाच्या सोयीचा आहे. म्हाताऱ्या माणसाने एकच आणली तर दुसरी तुम्ही काढून घ्या, कोणाचे काही बिघडत नाही. पंधरा दिवस मात्र समोर बसलेल्या अर्जदारासाठी नाहीत. ते समोर नसलेल्या माणसासाठी आहेत, बहुतेक वेळा लग्न होऊन गेलेल्या बहिणीसाठी. तिच्या वतीने माफ करण्याचा अधिकार ना तलाठ्याला आहे, ना मंडळ अधिकाऱ्याला, ना तहसीलदाराला. हे डोक्यात पक्के असले की पुढचे बोलणे सोपे जाते. कारण तुम्ही कोणाला नाही म्हणत नसता, तो अधिकार इथे कोणाकडेच नाही एवढेच सांगत असता.

प्रकरण

जूनचा पहिला आठवडा होता. पावसाचा पत्ता नव्हता, कूलर नुसता गरम हवा फेकत होता. एका शेतकऱ्याचा वारस अर्ज आला. त्यात विधवा, एक मुलगा आणि दोन मुली असे चौघे दाखवले होते. सजाची तलाठी दुसऱ्या वर्षाची होती. तिने नोंद धरली. ५ जूनला आई, मुलगा आणि मोठी बहीण यांच्या सह्या झाल्या. धाकटी वर्ध्याला दिलेली, तिला नोटीस टपालाने गेली आणि पोचपावतीवर १२ जून पडला. म्हणजे पंधरा दिवस २७ जूनला संपतात आणि नोंद २८ ला प्रमाणित होऊ शकते. सगळ्यांची बजावणी ५ जूनची दाखवली तर २१ लाच होते. सात दिवसांचा फरक.

मुलगा रोज यायचा. "पाहा न जी मॅडम, बँकवाला म्हणते सातबारावर नाव पाहिजे, नाही तं पीककर्ज भेटत नाही. पेरणी काय दिवाळीत करू काय?"

अर्जदाराला तारखा लिहून द्या, आणि कायद्यात बसते तेवढी घाई करा

चहापाण्याचा पैसा बहुतेक वेळा अंधाराचा असतो. अर्जदाराला माहीतच नसते की काम कुठे अडले आणि कधी निघेल. ज्याला हे माहीत असते तो दलाल, आणि तो तेच विकतो. जे काम अठ्ठावीसला होणारच असते ते "पंचवीस दिवसांत करून देतो" म्हणून त्याचे पैसे घेतो, त्यातले साहेबाला द्यायचे आहेत असेही सांगतो. साहेबाला पत्ताही नसतो.

यावर मला सापडलेला सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे कागदाची चिठ्ठी. त्यावर फेरफार क्रमांक, शेवटची नोटीस कधी बजावली, हरकतीची मुदत कधी संपते आणि प्रमाणित कोण करणार, एवढेच लिहायचे. खाली सही, तारीख. "आपली चावडी"वर हीच नोंद घरबसल्या दिसते, तेही सांगायचे. नोंद झाल्यावर डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाइन पंधरा रुपयांत निघतो, हेही चिठ्ठीवर लिहायचे. हातात तारीख असलेला माणूस निम्म्याने कमी फेऱ्या मारतो आणि दलालाकडे जात नाही.

दुसरी गोष्ट पोरांना सुचत नाही, कारण नियम पाळायचा म्हणजे हळू चालायचे असे त्यांना वाटते. या प्रकरणात सात दिवस खरोखर वाचवता आले असते. मुलाला पहिल्याच दिवशी सांगायचे, "बहिणीला ५ तारखेला घेऊन या, तिने इथेच नोटीस घ्यावी आणि सही करावी." वर्धा ते नागपूर काही परदेश नाही. टपालात गेलेला आठवडा तिथेच वाचला असता, आणि एकही तारीख खोटी झाली नसती. सगळ्यांनी संमती लिहून दिली तरी पंधरा दिवस कमी होत नाहीत, कारण हरकत घेणारा या चौघांबाहेरचाही असू शकतो. पण पंधरा दिवस सुरू कधी होतात, हे बऱ्यापैकी आपल्या हातात असते. त्या तलाठी मुलीने हे सांगितले नव्हते, आणि मीही तिला शिकवले नव्हते.

लिफाफा आला तर

१२ तारखेला दुपारी मुलगा संत्रा बर्फीचा डबा घेऊन आला. टेबलावर ठेवला, "प्रसाद आहे" म्हणाला आणि गाडीला किक मारून गेला. डबा जरा तिरपा बसला होता. खाली पांढरा लिफाफा.

तिने काय केले ते नीट वाचा, कारण नेमके असेच करायचे असते. डब्याला आणि लिफाफ्याला हात लावला नाही. कोतवालाला हाक मारली. बाहेर दाखल्यासाठी बसलेल्या एका गावकऱ्यालाही आत बोलावले आणि दोघांना म्हणाली, "हे असं ठेवून गेले आहेत. मी उघडलेलं नाही, बघून घ्या." मग त्यांच्यासमोरच मुलाला फोन लावून परत बोलावले. तो अर्ध्या तासाने तोंड पाडून आला आणि स्वतःच्या हाताने डबा उचलून घेऊन गेला. त्याच दिवशीच्या दैनंदिनीत तिने चार ओळी लिहिल्या: वेळ, कोणी ठेवले, कोणासमक्ष परत नेले, आणि "लिफाफा उघडलेला नाही". दुसऱ्या दिवशी त्याचे पत्र तहसीलदारांच्या नावाने आवकला दिले. माणूस परत आलाच नसता, तर वस्तू जागेवर ठेवून त्याच दिवशी तहसीलदारांना कळवायचे आणि ते सांगतील तसा दोन पंचांसमोर पंचनामा करायचा. ड्रॉवरमध्ये मात्र टाकायचे नाही. ड्रॉवरमध्ये सापडलेला लिफाफा तुमचाच असतो.

"मी मागितलेच नव्हते, त्याने खुशीने दिले" आणि "काम तर नियमातलेच होते" ही दोन वाक्ये मी कॅन्टीनमध्ये शेकडो वेळा ऐकली आहेत. दोन्ही कामाची नाहीत. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ७ मध्ये २०१८ साली झालेल्या सुधारणेनंतर स्पष्ट आहे की गैरफायदा घेणे हाच गुन्हा आहे, काम पुढे चोख केले तरी. शिक्षा किमान तीन वर्षे, जास्तीत जास्त सात. आणि सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने डिसेंबर २०२२ मध्ये सांगितले की देणाऱ्याने आपणहून देऊ केले आणि लोकसेवकाने ते स्वीकारले, तर आधी मागणी झाल्याचे दाखवायची गरज नाही. तक्रारदार पुढे फितूर झाला म्हणून खटला आपोआप पडत नाही, हेही त्याच निकालात आहे.

देणाऱ्याशी बोलताना मात्र कायदा तोंडावर फेकू नका. तो बहुतेक वेळा घाबरलेला असतो, त्याला कोणीतरी "दिल्याशिवाय होत नाही" असे सांगितलेले असते. एवढेच सांगा की देणाराही आता गुन्हेगार ठरतो, त्यालाही सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आणि कोणी सक्तीने घेतलेच असेल, तर सात दिवसांत तपास यंत्रणेला कळवले तरच त्याची सुटका आहे.

साहेबाने तोंडी सांगितले तर

आता माझी बाजू. १३ तारखेला सकाळी मला तहसीलमधून फोन आला. तिथे कोणाचा आला होता ते मला सांगितले नाही, मीही विचारले नाही. मी तिला फोन लावला. "मॅडम, त्या वारस प्रकरणात सगळ्यांची बजावणी ५ तारखेची टाका. वरून फोन आहे. एवढं काय मोठं नाही त्यात."

ती लगेच "नाही" म्हणाली नाही. म्हणाली, "सर, धाकट्या बहिणीच्या पोचपावतीवर १२ चा शिक्का आहे. प्रमाणित तुम्हीच करणार. उद्या अपिलात ती पोचपावती आणि आपली तारीख शेजारी शेजारी ठेवली तर?"

या वाक्यात दोन गोष्टी आहेत. तिने नियमाचे प्रवचन दिले नाही, वस्तुस्थिती सांगितली. आणि धोका स्वतःचा नाही, माझा दाखवला. दहापैकी सहा साहेब इथेच थांबतात, कारण बऱ्याचदा त्यांनी कागद पाहिलेलाच नसतो. मी थांबलो नाही. "ते मी बघतो, तुम्ही टाका," म्हणालो.

तासाभरात माझ्या टेबलावर तिची टिपणी आली. मजकूर जवळपास असा होता:

"सविनय सादर. विषयांकित फेरफारात चार हितसंबंधितांपैकी तिघांना दि. ५ जून रोजी व चौथ्या हितसंबंधितास दि. १२ जून रोजी नोटीस बजावली असून पोचपावत्या सोबत जोडल्या आहेत. आज रोजी आपण दूरध्वनीवरून सर्वांची बजावणी दि. ५ जून अशी नोंदविण्याबाबत सूचना दिली. पोचपावतीवरील दिनांक भिन्न असल्याने त्याप्रमाणे नोंद घेता येईल किंवा कसे, याबाबत लेखी आदेश व्हावेत, ही विनंती."

मला राग आला. पोरगी आपल्याला अडकवायला निघाली असे वाटले. पण टिपणी परत वाचली तर तिच्यात अडकण्यासारखे काहीच नव्हते. "दबाव" हा शब्द नाही, "बेकायदेशीर" नाही, कोणावर आरोप नाही. तारखा, कागद आणि एक प्रश्न. "किंवा कसे" हे आपल्या कार्यालयीन मराठीतले फार उपयोगी शब्द आहेत. ते नकार देत नाहीत, निर्णय वर ढकलतात, आणि ज्याच्याकडे ढकलला त्याला सही करून उत्तर द्यावे लागते.

हा तिचा आगाऊपणाही नव्हता. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ मधला नियम ३ हेच सांगतो: वरिष्ठाच्या निर्देशावरून वागायचे असेल तर शक्य तिथे निर्देश लेखी घ्या, शक्य नसेल तर नंतर लवकरात लवकर लेखी दुजोरा घ्या. तोंडी आदेशांवर अधिकाऱ्यांनी काम करू नये, ते नोंदवून घ्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयानेही ऑक्टोबर २०१३ मध्ये टी. एस. आर. सुब्रमणियन यांच्या प्रकरणात म्हटले आहे. टिपणीत हे नियम उद्धृत करू नका. पहिल्याच कागदात कलम काढले की साहेबाला ते भांडण वाटते. गरज पडली तर दुसऱ्या कागदात.

टिपणी लिहायला जमत नसेल, साहेब दौऱ्यावर असतील, तर त्याच मजकुराचा साधा संदेश व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा: "सर, आपल्या सकाळच्या सूचनेबाबत, पोचपावती १२ जूनची आहे, तर नोंद कोणत्या तारखेची घ्यावी?" उत्तर नाही आले तर खऱ्या तारखेची नोंद घ्या आणि दैनंदिनीत तसे लिहा. वाट बघत प्रकरण दाबून ठेवू नका, त्याचे पुढे सांगतो.

एक गोष्ट या वाटेवर हमखास घडते. तुम्ही अडलात की साहेब म्हणतात, "बरं, तुमचं डोंगल द्या, ऑपरेटर करून घेईल." डिजिटल सहीचे डोंगल आणि पासवर्ड कोणालाही देऊ नका, कार्यालयात फिरणाऱ्या खाजगी माणसाला तर नाहीच. त्यावरून झालेली नोंद तुमच्या सहीची असते, आणि "मी त्या दिवशी पंचनाम्याला गेलो होतो" हे नंतर कोणी ऐकत नाही. दिवसाच्या शेवटी डोंगल काढून खिशात टाकायची सवय लावा.

मी त्या टिपणीवर काय लिहिले? दोन तास ती बाजूला ठेवली. मग "पोचपावतीप्रमाणे नोंद घ्यावी" असे लिहून सही केली. "५ तारीख टाका" असे माझ्या हाताने लिहायची हिंमत मला झाली नाही. जे तोंडाने सहज निघते ते पेनातून निघत नाही, आणि तिच्या टिपणीचे काम तेवढेच होते. तहसीलमध्ये फोन करून सांगितले की पोचपावती १२ ची आहे, होत नाही. पलीकडून "बरं" एवढेच आले.

२४ जूनला धाकट्या बहिणीची हरकत आली. मोठा भाऊ बापाआधीच वारला होता आणि त्याची मुलगी भंडाऱ्याला आजोळी वाढत होती. अर्जात तिचे नावच नव्हते. मयत मुलाची मुलगी म्हणून तिचा हिस्सा होता. प्रकरण ६-अ ला गेले, सुनावणी झाली, पाचवे नाव लागले. पीककर्जाचे काय म्हणता, तर सुनावणीत कळले की रस्त्याकडच्या तुकड्याचा इसार आधीच झाला होता. ५ तारीख टाकली असती तर २१ लाच मी प्रमाणित करून मोकळा झालो असतो. मग उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील, आणि तिथे पोचपावती.

नाही म्हटल्यानंतरचे दिवस

सरळ माणूस पैशात क्वचित अडकतो, तो विलंबात अडकतो. भीतीने किंवा रागाने प्रकरण टेबलावर ठेवून देतो, आणि मग ज्याला नाही म्हटले तोच विलंबाची तक्रार करतो. २००५ च्या बदल्या व विलंब प्रतिबंध अधिनियमात फाइल एका कर्मचाऱ्याकडे साधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये असे आहे. म्हणून ज्या प्रकरणात दबाव येतो ते सगळ्यात आधी पुढे पाठवा. कार्यविवरण नोंदवही दर आठवड्याला भरा, सगळे निवांत असतानाही. दबावाच्याच आठवड्यात भरलेली वही ओळखू येते.

त्रास होणारच नाही असे मी सांगणार नाही. निवडणुकीच्या, पंचनाम्याच्या ड्युट्या तुमच्याच नावावर येतील. डिसेंबरात अधिवेशनाची माहिती रात्री दहाला तुम्हालाच मागतील. गोपनीय अहवालात शेरा येऊ शकतो. प्रतिकूल शेरा तुम्हाला कळवावा लागतो आणि त्यावर अभिवेदन करता येते, तेव्हा ते मुदतीत करा. मुदतीआधीच बदली करायची तर त्याच २००५ च्या अधिनियमाप्रमाणे विशेष कारणे लेखी नोंदवावी लागतात आणि लगतच्या वरच्या प्राधिकाऱ्याची पूर्वमान्यता लागते. कारण न लिहिलेल्या बदलीविरुद्ध महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाच्या, म्हणजे मॅटच्या नागपूर खंडपीठाकडे जाता येते. सगळ्यांना तिथे दिलासा मिळतोच असे नाही, आणि वेळ व पैसा दोन्ही जातात. त्यामुळे आधी थेट वरच्या साहेबाला भेटून तोंडी बोलून बघा. बऱ्याच गोष्टी तहसीलदाराच्या दालनात चहावर मिटतात.

साहेबच पैसे गोळा करायला सांगत असेल तर

इथे टिपणी चालत नाही. "अमुक घेऊन ठेव, संध्याकाळी बघू" असे साहेब म्हणाला, तर ज्याच्या हाताला रक्कम लागते तो सापळ्यात पहिला सापडतो. नोटांना फिनॉल्फ्थॅलीनची भुकटी लावलेली असते, बोटे सोड्याच्या पाण्यात बुडवली की पाणी गुलाबी होते, आणि ती बोटे बहुतेक वेळा शिपायाची किंवा कारकुनाची असतात. साहेब त्या वेळी बैठकीत असतो.

अशा वेळी तुम्ही स्वतः तक्रारदार होऊ शकता. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा टोल फ्री क्रमांक १०६४ आहे. तिथे आधी मागणीची पंचांसमक्ष पडताळणी होते, तोंडी तक्रारीवर लगेच कोणाला उचलत नाहीत. आपल्या डोक्याने सापळा रचू नका, आणि संभाषण रेकॉर्ड केले असेल तर ते ग्रुपवर टाकू नका. फोनमधली मूळ फाइल तशीच राहू द्या.

बाकी कागदांबाबत एकच करा. फाइल घरी नेता येत नाही, नेऊही नका. पण टिपणी पाठवली की तिचा जावक क्रमांक आणि तारीख स्वतःच्या खिशातल्या डायरीत त्याच दिवशी लिहा. बदली झाल्यावर पाच वर्षांनी चौकशीची नोटीस येते तेव्हा प्रकरण आठवत नाही, कार्यालयात फाइल सापडत नाही, आणि ती शोधायला हाच क्रमांक लागतो. त्या मुलीने तो लिहिला होता. मी तेव्हा लिहिला नव्हता, तिच्याकडून घेऊन नंतर लिहिला.